एमआरची डॉक्टर-व्हिजिट: तयारी घरी होते, नियम चेंबरमध्ये मोडतो

प्रश्न: बी.फार्म. करून एका मध्यम औषध कंपनीत मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे एमआर म्हणून लागलोय, हेडक्वार्टर सातारा. ट्रेनिंगमध्ये व्हिज्युअल एड पाठ करून घेतलं, पण चेंबरमध्ये दीड मिनिटात बाहेर पडतो. सीनियर म्हणतात, काही दिल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन येत नाही. यूसीपीएमपी या औषधांच्या प्रचाराबाबतच्या कोडचं पीडीएफ मेलवर आलंय, ते कुणी वाचलेलं दिसत नाही. व्हिजिटची तयारी नक्की कशी करायची, आणि नियमात राहून हे काम होतं का?

उत्तर:

होतं, पण सगळ्या डॉक्टरांकडे होत नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या यादीतले काही जण घेतल्याशिवाय लिहीतच नाहीत. ते तुमच्या हातातून जातील, जाऊ द्या. राहिलेल्यांकडे जे काम होतं ते तयारीवर होतं. इतकी वर्षं फील्डवर राहून आणि आता मुलांबरोबर जॉइंट वर्क करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्याच्याकडे बोलायला काही नसतं, तोच औषधाबद्दल वाढवून बोलतो किंवा बॅगेतून काहीतरी काढून टेबलावर ठेवतो. म्हणून तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर मी एकत्रच देणार आहे.

उगाच तत्त्वं सांगत बसण्यापेक्षा एक औषध आणि एक डॉक्टर घेऊ. औषध डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम. पेटंट २०२० साली संपलं आणि त्यानंतर बाजारात इतके ब्रँड आले की तुमच्या कंपनीच्या यादीतही बहुतेक असेलच. डॉक्टर म्हणजे कराडमधले एक एमडी फिजिशियन. सकाळची ओपीडी भरगच्च, एमआरची वेळ दुपारी दीडनंतर, दारात आधीच सात-आठ बॅगा. वाट्याला येतात दोन मिनिटं, बरा दिवस असला तर चार.

तयारी व्हिज्युअल एडपासून सुरू करू नका. आधी तुमच्याच ब्रँडची प्रिस्क्रायबिंग इन्फर्मेशन काढा. बारीक अक्षरातला तो घडी घातलेला कागद बहुतेक एमआर कधी उघडत नाहीत. त्यात पहिलं बघायचं ते इंडिकेशन. डापाग्लिफ्लोझिन टाइप टू मधुमेहात चालतं, हार्ट फेल्युअरमध्ये आणि किडनीच्या जुनाट आजारातही चालतं, हे डॉक्टरांना माहीत असतं. पण तुमच्या कंपनीच्या ब्रँडला यातल्या कशाकशासाठी मंजुरी आहे, हे त्या कागदावरच कळतं. प्रचार मार्केटिंग अप्रूव्हलच्या चौकटीतच करायचा, हा यूसीपीएमपीचा पाया आहे. मॉलिक्यूल तेच असलं तरी ज्याची मंजुरी तुमच्या लेबलवर नाही, ते तुम्ही आपणहून बोलायचं नाही. शंका असेल तर मॅनेजरला मेल टाका आणि लेखी उत्तर मागा. फोनवरचं 'हो हो, चालतं' हे उत्तर धरू नका.

मग त्याच कागदावरची नकोशी बाजू वाचा. जननेंद्रियाचा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, विशेषतः बायकांमध्ये. अंगातलं पाणी कमी होऊ शकतं, विशेषतः म्हातारी माणसं आणि आधीच डाययुरेटिकवर, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळीवर असलेले रुग्ण यांच्यात. कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि यातली फसवी गोष्ट अशी की तेव्हा साखर फार वाढलेली नसते, त्यामुळे निदान हुकतं. ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी गोळी थांबवायची असते. किडनीचं काम दाखवणारा ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की साखर उतरवण्याचा परिणाम घटतो. हे सगळं तुम्हाला कागद न बघता सांगता यायला हवं. कारण डॉक्टरांचे प्रश्न नेमके इथूनच येतात, आणि इथे अडखळलात की पुढची व्हिजिट परत दीड मिनिटाची.

आता व्हिज्युअल एड घ्या आणि त्याची तपासणी करा. होय, तुम्हीच करा. हेड ऑफिसने छापलं म्हणजे बरोबरच असेल असं नाही. त्यावर जेनेरिक नाव, कंपनीचं नाव-पत्ता, डोस, दुष्परिणाम आणि खबरदारीचा मजकूर, आणि ते साहित्य कधी तयार केलं त्याची तारीख हवी. 'नवीन' हा शब्द दिसला तर थांबा. जे औषध किंवा इंडिकेशन भारतात वर्षभराहून जास्त काळ बाजारात आहे, त्याला कोड 'नवीन' म्हणू देत नाही. 'सेफ' हा शब्द मोकळा टाकता येत नाही, कुणासाठी आणि कोणत्या मर्यादेत ते जोडावं लागतं. 'साइड इफेक्ट नाहीत' असं तर कुठल्याच औषधाबद्दल म्हणता येत नाही. असं काही सापडलं तर त्या पानाचा फोटो काढून मॅनेजरला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत ते पान उघडू नका.

यानंतर केमिस्ट. आरसीपीए, म्हणजे डॉक्टर काय लिहितात ते केमिस्टकडे जाऊन बघणं, हा शब्द ट्रेनिंगमध्ये ऐकला असेल, पण बहुतेक जण तो संध्याकाळी घरी बसून मनाने भरतात. डॉक्टरांच्या क्लिनिकखालच्या आणि शेजारच्या अशा दोन दुकानांत, गर्दी नसताना, कॉलच्या आदल्या फेरीला जा. शेठना 'माझा ब्रँड चालतो का' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा की साहेबांचे मधुमेहाचे कागद, म्हणजे प्रिस्क्रिप्शन, साधारण कसे असतात. कराडच्या आपल्या डॉक्टरांबद्दल समजा असं कळलं: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड भरपूर, डापाग्लिफ्लोझिनही आहे पण मधुमेहाच्याच कागदांवर. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही डाययुरेटिक असलेल्या, म्हणजे बहुधा हार्ट फेल्युअरच्या कागदांवर ते दिसत नाही. एवढी एक ओळ तुमच्या अख्ख्या कॉलला पुरते.

इथेही एक मर्यादा आहे. तुम्ही विचारताय ते लिहिण्याच्या सवयीबद्दल. रुग्णाचं नाव तुम्हाला कळायचं कारण नाही. काउंटरवरच्या प्रिस्क्रिप्शनचा मोबाइलवर फोटो काढून मॅनेजरच्या ग्रुपवर टाकणारी मुलं मी पाहिलीत, आणि दुर्दैवाने ते मागवणारे मॅनेजरही. तो कागद रुग्णाचा आहे. शेठ दाखवतात म्हणून तो तुमचा होत नाही.

आता घरी बसून या कॉलचं एकच उद्दिष्ट वहीत लिहा: 'डॉक्टर हार्ट फेल्युअरमध्ये डापाग्लिफ्लोझिन का देत नाहीत, ते समजून घेणे.' 'प्रिस्क्रिप्शन मिळवणे' असं लिहिलंत की तुमचं तोंड डॉक्टरांचं ऐकण्याआधीच सुटतं. उद्दिष्टाखाली तुमचं पहिलं वाक्य शब्दशः लिहा. माझं असं असेल: 'सर, रिड्यूस्ड इजेक्शन फ्रॅक्शनच्या पेशंटमध्ये, ज्याला डायबिटीस नाही, तिथे डापाग्लिफ्लोझिन सुरू करताना तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?' हा खरा प्रश्न आहे. 'सर, तुमचा आशीर्वाद असू द्या' हा प्रश्न नाही, आणि दिवसातून तीस वेळा ऐकून डॉक्टरांना त्याचा कंटाळा आलेला असतो.

मग आकडा. इथे जरा थांबू, कारण नैतिकतेचं उल्लंघन म्हटलं की सगळ्यांना परदेशवारी आठवते. रोजचं उल्लंघन मात्र आकड्यात होतं. डापा-एचएफ ही चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्के किंवा कमी असलेले ४,७४४ रुग्ण त्यात होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता. हार्ट फेल्युअर बिघडणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी काही घडलं असे रुग्ण डापाग्लिफ्लोझिनच्या गटात १६.३ टक्के आणि प्लासिबोच्या गटात २१.२ टक्के होते. व्हिज्युअल एडवर मोठ्या अक्षरात '२६ टक्के घट' छापलेलं असतं. ते खोटं नाही, हॅझर्ड रेशो ०.७४ होता, सापेक्ष घट तेवढीच येते. पण नुसता तो आकडा ऐकणाऱ्याला वाटतं की शंभरातले सव्वीस वाचतात. प्रत्यक्षात साधारण दीड वर्षात शंभरामागे पाच जणांना ती घटना टळली. तुम्ही दोन्ही सांगायचं: 'सर, रिलेटिव्ह घट सव्वीस टक्के, आणि साध्या भाषेत दीड वर्षात शंभर पेशंटमागे पाच घटना कमी.' मी हे करून पाहिलंय. अशा वेळी डॉक्टर खुर्चीत जरा पुढे सरकतात, कारण हा माणूस स्वतःच मोठा आकडा लहान करून सांगतोय, हे त्यांना सहसा दिसत नाही. आणि एकवीस पेशंटना गोळी दिली तर एकाची घटना टळते, हा हिशेब हार्ट फेल्युअरमध्ये मुळीच लहान नाही, हे ते तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात.

त्याच आकड्यात आणखी एक बारकावा आहे. ती चाचणी मूळ संशोधक कंपनीच्या गोळीवर झाली, तुमच्या ब्रँडवर नव्हे. 'डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत' म्हणा, 'आमच्या ब्रँडच्या चाचणीत' म्हणू नका. फरक दोन शब्दांचा आहे, पण दुसरं वाक्य खोटं आहे.

आता चेंबर. बाहेर कंपाउंडर काका बसलेत आणि यादीत नाव वर घ्यायला 'चहापाणी' मागतात. देऊ नका. डॉक्टरांपर्यंत पोचण्यासाठी कुठल्याही नावाखाली पैसे मोजणं कोडमध्ये स्पष्ट मना आहे, आणि खोटं कारण सांगून आत शिरणंही. 'पेशंट आहे' म्हणून नंबर लावणारे हुशार लोक असतात, त्यांचं पुढे काय होतं ते डॉक्टरांनाच विचारा. काकांचं नाव लक्षात ठेवा, वेळ पाळा, सिरियस पेशंट आला की आपणहून उठून बाजूला व्हा. महिन्या-दोन महिन्यांत नंबर नीट लागायला लागतो.

आत गेल्यावर समजा असं बोलणं झालं. तुमचा प्रश्न ऐकून डॉक्टर म्हणाले, 'अरे, माझे पेशंट उसात काम करणारे. एप्रिल-मेमध्ये आधीच पाणी कमी पडतं, वर टॉर्सेमाइड चालू. त्यात हे दिलं तर बीपी खाली जाईल.'

हा आक्षेप सोन्यासारखा आहे, आणि तो बरोबरही आहे. इथे नवखा एमआर म्हणतो, 'नाही सर, तसं काही होत नाही.' झालं, नियमही मोडला आणि विश्वासही गेला. तुम्ही म्हणायचं, 'बरोबर सर, व्हॉल्यूम डिप्लीशन लेबलवरच दिलंय, आणि डाययुरेटिकवर असलेल्यांमध्ये धोका जास्त. सुरू करण्याआधी व्हॉल्यूम स्टेटस बघा, गरजेप्रमाणे डाययुरेटिकचा विचार करा, असंच त्यात म्हटलंय.' आणि तो परिच्छेद काढून समोर ठेवायचा. डोस किती कमी करायचा हे सांगायचं नाही. तो निर्णय त्यांचा.

मग ते विचारतात, 'आणि वजन कमी होतं म्हणतात. जाड पेशंटला, शुगर नसली तरी, देता येईल का?' मोह इथे असतो. वजन थोडं उतरतं हे खरंच आहे, आणि 'हो सर, भरपूर जण लिहितायत' एवढं म्हटलं की कराडसारख्या गावात दहा कागद वाढतील. पण मधुमेह नसलेल्याचं वजन कमी करणं हे मंजूर इंडिकेशन नाही. तुमचं उत्तर एवढंच: 'सर, त्यासाठी मंजुरी नाही, त्यामुळे त्यावर मी बोलू शकत नाही. तुमचा प्रश्न आमच्या मेडिकल डिपार्टमेंटकडे लेखी पाठवू का? ते उपलब्ध माहिती थेट तुम्हाला पाठवतील.' हो म्हणाले तर त्याच दिवशी पाठवा, प्रश्न त्यांच्याच शब्दांत, आपले शब्द न घालता. हा रस्ता डॉक्टरांनी आपणहून विचारलं असेल तेव्हाचाच आहे. डॉक्टरांच्या तोंडात प्रश्न घालून मग 'त्यांनीच विचारलं' असं लिहिणं, ही पळवाट मेडिकलवाल्यांना लगेच ओळखू येते.

शेवटचा प्रश्न ठरलेला: 'त्या अमुक ब्रँडपेक्षा तुझं चांगलं कसं?' दुसऱ्या कंपनीच्या ब्रँडचं नाव घेऊन तुलना त्यांच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि त्यांना आडून कमी लेखणंही चालत नाही. 'त्यांचा माल कुठल्या प्लांटमधून येतो माहितीये ना सर' ही ओळ आपल्या धंद्यात फार लोकप्रिय आहे, आणि ती सरळ उल्लंघन आहे. स्वतःबद्दल जे सिद्ध करता येतं तेवढं सांगा: एमआरपी किती, स्ट्रिप दहाची की चौदाची, तालुक्यात कुठल्या दुकानांत माल नेहमी मिळतो. शेवटची गोष्ट एमआर क्षुल्लक समजतात. डॉक्टरांना तीच सगळ्यात कामाची वाटते, कारण पेशंट पाटणला परत गेल्यावर गोळी मिळाली नाही की फोन त्यांनाच येतो.

आता सॅम्पल आणि गिफ्ट, ज्याबद्दल तुमच्या सीनियरनी ज्ञान दिलंय.

१२ मार्च २०२४ ला जाहीर झालेल्या यूसीपीएमपीनुसार सॅम्पल फक्त प्रिस्क्राइब करण्याचा अधिकार असलेल्याला, किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. एका वेळी जास्तीत जास्त तीन पेशंटपुरतं, आणि एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला बारापेक्षा जास्त पॅक नाहीत. पॅक बाजारातल्या सगळ्यात लहान पॅकपेक्षा मोठा नको, त्यावर 'विक्रीसाठी नाही' अशा अर्थाचा मजकूर हवा. झोपेच्या, गुंगीच्या औषधांची सॅम्पल अजिबात नाहीत. कंपनीला औषध, डॉक्टर, संख्या आणि तारीख यांची नोंद ठेवावी लागते, आणि वर्षभरातल्या एकूण सॅम्पलची किंमत देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांवर जाता कामा नये. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी आयुष्यभर घ्यायची असते, त्यामुळे 'तीन पेशंटचा पूर्ण कोर्स' म्हणजे किती, हे कोडच्या ओळीवरून सुटत नाही. ते कंपनीने लेखी ठरवून द्यायला हवं. नसेल दिलं तर माझा सल्ला साधा आहे: तीन पेशंट, प्रत्येकी एक लहान स्ट्रिप, आणि त्याच संध्याकाळी रोजच्या कॉल रिपोर्टमध्ये, म्हणजे डीसीआरमध्ये नोंद.

गडबड कुठे होते ते सांगतो. महिनाअखेरीला एमआरच्या कपाटात सॅम्पल उरतात. ऑडिट येणार म्हणून ती न भेटलेल्या डॉक्टरांच्या नावावर चढवली जातात आणि माल एखाद्या दुकानात जातो. केमिस्टला सॅम्पल विकणंच काय, दुकानात ठेवणंही औषध नियमांखाली मना आहे, आणि एफडीएचा ड्रग इन्स्पेक्टर ते शेल्फवर बघतो तेव्हा बॅच नंबरवरून माग तुमच्यापर्यंत येतो. उरलेलं सॅम्पल परत पाठवा, आणि पुढच्या महिन्यात कमी मागवा.

गिफ्टचं गणित त्याहून सोपं. डॉक्टरांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या वैयक्तिक फायद्याची वस्तू नाही, रोख नाही, प्रवास आणि हॉटेल नाही. सीएमईमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या शैक्षणिक कार्यक्रमात, स्वतः वक्ते असतील तरच प्रवास-मुक्कामाला सूट आहे, आणि परदेशातली सीएमई तर कुणासाठीच नाही. चालतं ते हे: पुस्तक, कॅलेंडर, डायरी, जर्नल, शिकवण्यासाठीचं डमी मॉडेल, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं, प्रत्येक वस्तू हजार रुपयांच्या आत. दिवाळीचा सुका मेवा यात नाही. मुलाच्या वाढदिवसाचा केकही नाही.

डॉक्टरांनी मागितलं तर काय म्हणायचं? 'कंपनी देत नाही' असं कुरकुरत म्हटलंत तर तुम्ही गरीब कंपनीचे ठरता. कारण सांगा, पण अदबीने. डॉक्टरांवरही बंधन आहेच. त्यांच्या २००२ च्या आचारसंहितेत २००९ साली गिफ्ट, प्रवास, पाहुणचार आणि रोख या सगळ्यावर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ ला एपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजा करता येणार नाही, कारण घेणाऱ्याला जे घेणंच मना आहे, ते देणंही कायदेशीर व्यवहार ठरत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून वर्षात वीस हजारांवर लाभ दिला तर दहा टक्के टीडीएस कापावा लागतो, म्हणजे तो लाभ त्यांच्या पॅनवर दिसतो. मी एवढंच म्हणतो, 'सर, हे आता तुमच्या पॅनवर चढतं आणि आमच्या ऑडिटमध्ये येतं. त्यापेक्षा मला सांगा, तुम्हाला कुठला पेपर हवाय, मी मेडिकलकडून मागवतो.' बहुतेक वेळा विषय तिथे संपतो.

बाहेर पडल्यावर जिना उतरण्याआधी, गाडीवर बसण्याआधी, चार ओळी लिहा. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, तुम्ही काय देण्याचं कबूल केलं, कधीपर्यंत, आणि पुढच्या भेटीचं पहिलं वाक्य. आपल्या उदाहरणात पुढचं वाक्य तयारच आहे: 'सर, मागच्या वेळी तुम्ही उसात काम करणाऱ्या पेशंटच्या डिहायड्रेशनबद्दल म्हणाला होतात, त्यावर मेडिकलने हे पाठवलंय.' संध्याकाळी तीस डॉक्टरांचं एकदम लिहायला बसलात तर सगळ्यांपुढे 'प्रॉमिस्ड सपोर्ट' एवढंच लिहिलं जातं. ते कुणाच्या उपयोगाचं नाही, मॅनेजरच्यासुद्धा.

एक गोष्ट मात्र संध्याकाळपर्यंतही थांबत नाही. बोलताना डॉक्टर सहज म्हणतात, 'तुझ्या गोळीवरच्या एका बाईला परवा उलट्या होऊन अॅडमिट करावं लागलं, कीटोन पॉझिटिव्ह, आणि शुगर बघ, फक्त एकशे ऐंशी.' हे ऐकल्यावर विषय बदलायची घाई होते, कारण ही 'निगेटिव्ह' गोष्ट आहे. वर सांगितलेला फसवा कीटोअॅसिडोसिस तो हाच असू शकतो. चार गोष्टी तिथेच विचारून घ्या: रुग्ण कोण, म्हणजे वय, लिंग आणि फार तर आद्याक्षरं, माहिती कोण देतंय, कुठलं औषध, जमलं तर बॅच नंबर, आणि नेमकं काय झालं. गोळीनेच झालं का, हे ठरवणं तुमचं काम नाही, डॉक्टरांना खात्री नसली तरी कळवायचं. कंपनीच्या फार्माकोव्हिजिलन्स विभागाला चोवीस तासांच्या आत मेल गेला पाहिजे. डॉक्टरांना स्वतः कळवायचं असेल तर देशाच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४ त्यांना द्या. माझा अनुभव असा की अशी बातमी नीट नोंदवून आठवड्याने 'सर, पेशंट कशी आहे' विचारणाऱ्या एमआरला डॉक्टर विसरत नाहीत.

आता सीनियर आणि मॅनेजर. कोडची जबाबदारी कंपनीवर आहे. एमआरने जे केलं त्याचं उत्तर कंपनीला द्यावं लागतं, आणि दरवर्षी कंपनीच्या प्रमुखाला पालनाचं स्वयंघोषणापत्र द्यावं लागतं. तक्रार आली की उद्योग संघटनेची नैतिकता समिती बघते. ती कंपनीला समज देऊ शकते, तो तपशील जाहीर करू शकते, सदस्यत्व काढू शकते. तुरुंगवास किंवा मोठा दंड यात नाही, आणि म्हणूनच फील्डवर बरेच जण हे मनावर घेत नाहीत. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण बिलं, पावत्या आणि एक्स्पेन्स स्टेटमेंट कुणाच्या नावावर असतात ते बघा. डॉक्टरांचं हॉटेलचं बिल 'मीटिंग खर्च' म्हणून तुमच्या नावावर लावायला सांगितलं जातं, आणि चौकशी झाली की सही तुमचीच सापडते.

म्हणून असं काही तोंडी सांगितलं गेलं तर भांडू नका. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल करा: 'सर, आज आपण अमुक डॉक्टरांसाठी अमुक करायला सांगितलंत. हे यूसीपीएमपीत कसं बसतं आणि कुठल्या हेडखाली टाकायचं, ते कृपया कळवावं.' उत्तर बहुतेक येत नाही, आणि तो विषयही परत निघत नाही. टार्गेटचा दाब मात्र येणार. त्यासाठी तीन महिन्यांचे आकडे जवळ ठेवा: कुठल्या डॉक्टरांना किती वेळा भेटलात, त्यांचा कोणता आक्षेप होता, तो सुटल्यावर केमिस्टकडे काय बदललं. कराडच्या डॉक्टरांबाबत हे आकडे लगेच फिरणार नाहीत, उन्हाळ्यात तर नाहीच. फॉलो-अपला येणारे पेशंट साधारण महिन्याने येतात, डॉक्टर आधी एक-दोघांवर देऊन बघतात, त्यांचं बीपी आणि क्रिएटिनिन बघतात, मग पुढे जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टॉर्सेमाइडच्या कागदावर डापाग्लिफ्लोझिन दिसू लागलं की समजा कॉल पोचला. पुढच्या फेरीला शेठना विचारायची तीच एक ओळ आहे.